हर्बल चहाला जागा शोधताना

ब्रँडिंग शिकवणाऱ्या वर्गांत एक असाइनमेंट बरेचदा दिली जाते. हर्बल चहाची एक नवी कंपनी निघते आहे असं समजा, तिचं पोझिशनिंग स्टेटमेंट लिहा आणि तिच्या ब्रँडचं व्यक्तिमत्त्व शब्दांत उभं करा. हे काम पानभराचं असल्यामुळे सोपं वाटतं. मी अशा असाइनमेंट तपासतो आणि पहिल्या खर्ड्यात साधारण असं वाक्य वाचायला मिळतं: ‘आरोग्याविषयी जागरूक असलेल्या आधुनिक ग्राहकांसाठी आमची कंपनी शंभर टक्के नैसर्गिक, उत्कृष्ट दर्जाचा आणि चविष्ट हर्बल चहा देते, जो शरीर आणि मन ताजंतवानं करतो.’

या वाक्यात व्याकरणाची चूक नाही. दोष वेगळाच आहे आणि तो एका साध्या परीक्षेत उघडा पडतो. ‘आमची कंपनी’ हे शब्द खोडून तिथे दुकानातल्या कुठल्याही हर्बल चहाचं नाव घाला. वाक्य तितकंच खरं राहतं. जे वाक्य प्रतिस्पर्ध्याच्या नावानेही चालतं, त्याने आपल्या कंपनीला कुठलीच जागा दिलेली नसते. शिवाय ‘आम्ही निकृष्ट, बेचव चहा देतो’ असं कुणीच म्हणणार नाही. ज्याच्या उलट बाजूला कुणी उभं राहूच शकत नाही, तो गुण निवडला असं म्हणता येत नाही.

पोझिशनिंग हा शब्द जाहिरातीच्या व्यवसायात रुजवला अल रीस आणि जॅक ट्राउट या दोन अमेरिकी जाहिराततज्ज्ञांनी. १९७२ साली ‘ॲडव्हर्टायझिंग एज’ या साप्ताहिकात त्यांनी यावर लेखमाला लिहिली आणि १९८१ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं की वस्तूची जागा कारखान्यात ठरत नाही, ती ग्राहकाच्या मनात ठरते. त्या मनात आधीपासून काही कप्पे असतात. नव्या वस्तूला रिकामा कप्पा शोधावा लागतो, किंवा भरलेल्या कप्प्याच्या संदर्भाने स्वतःची ओळख सांगावी लागते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस सेव्हन-अपने स्वतःला ‘अनकोला’ म्हणवून घेतलं, ते या दुसऱ्या मार्गाचं प्रसिद्ध उदाहरण आहे. कोला सगळ्यांना माहीत होता. सेव्हन-अपने फक्त आपण तो नाही एवढं सांगितलं आणि लोकांना जागा कळली.

पोझिशनिंग स्टेटमेंट हे कंपनीने स्वतःसाठी लिहिलेलं वाक्य असतं. ते पाकिटावर छापायचं नसतं आणि ते घोषवाक्यही नसतं. त्यात चार गोष्टी यायला हव्यात: हे कुणासाठी आहे, ते कशाच्या जागी घ्यायचं आहे, त्याचा वेगळेपणा कोणता आणि त्या वेगळेपणावर विश्वास का ठेवायचा. आपण पुण्यातली एक काल्पनिक कंपनी घेऊ आणि या चार जागा एकेक करून भरून पाहू.

कुणासाठी आणि कशाच्या जागी

‘आरोग्याविषयी जागरूक ग्राहक’ हा माणूस रस्त्यात भेटत नाही. खरा ग्राहक एखाद्या प्रसंगात सापडतो, म्हणून लिहिण्याआधी दहा-बारा लोकांशी बोलायला हवं. ‘तुम्ही हर्बल चहा विकत घ्याल का?’ हा प्रश्न निरुपयोगी आहे, कारण समोरचा माणूस भिडेखातर ‘हो’ म्हणतो. घडून गेलेलं विचारावं. काल रात्री जेवल्यावर काय प्यायलात? दिवसाचा शेवटचा चहा किती वाजता झाला? त्यानंतर हवासा वाटूनही घेतला नाही, असं झालं का? मग त्याऐवजी काय केलंत?

आपल्या नमुन्याच्या कंपनीला अशा बोलण्यातून एक धागा हाती लागला असं धरू. पंचेचाळिशी-पन्नाशीतले काही जण सांगतात की पूर्वी जेवल्यावर अर्धा कप चहा व्हायचाच, पण आता सहानंतर चहा घेतला तर रात्री एकपर्यंत टक्क जाग असते. म्हणून तो सोडला, पण जेवल्यावर काहीतरी गरम हवं असतंच, मग कोमट पाण्यावर भागवतात. हर्बल टी आणून पाहिला का, असं विचारलं तर उत्तर येतं की आणला होता, पण तो पाणचट लागला, नाहीतर काढ्यासारखा लागला.

या तक्रारीमागचं कारण स्पष्ट आहे. चहातलं कॅफिन प्रौढ माणसाच्या शरीरात निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, आणि माणसामाणसात हा काळ बराच कमीजास्त असतो. रात्री नऊला घेतलेल्या चहातलं बरंचसं कॅफिन मध्यरात्रीही रक्तात असतं. ग्रीन टी घेतला तरी सुटका नाही, कारण तोही चहाच्याच पानाचा असतो.

आता दुसरी जागा, आणि माझ्या मते ही सगळ्यांत कठीण. विद्यार्थी इथे विचार न करता ‘हर्बल चहा’ असं लिहून मोकळे होतात. एकदा तसं लिहिलं की ग्राहक आपली तुलना तुळशीच्या मिश्रणांशी, कॅमोमाइलच्या डिप बॅगशी आणि वजन कमी करायला घेतल्या जाणाऱ्या ग्रीन टीशी करू लागतो. तिथे ऑरगॅनिक इंडियासारख्या ब्रँडने तुळशीवर पाय घट्ट रोवलेले आहेत. पण ज्यांच्याशी आपण बोललो त्यांना आरोग्यपेय नको होतं. त्यांना सुटलेला रात्रीचा चहा परत हवा होता. म्हणजे आपली खरी तुलना आहे रोजच्या दुधाच्या चहाशी, आणि सध्या त्याच्या जागी येऊन बसलेल्या कोमट पाण्याशी.

हा एक निर्णय घेतला की वस्तूच बदलू लागते. दुधाच्या चहाच्या जागी बसायचं तर काही गोष्टींत त्याच्याइतकं असावंच लागतं. ते पातेल्यात उकळता आलं पाहिजे, दूध घातल्यावर रंग धरला पाहिजे, घोट दाट लागला पाहिजे. ब्रँडिंगच्या पुस्तकांत याला बरोबरीचे मुद्दे म्हणतात. वेगळेपणाचा मुद्दा एकच: कॅफिन नाही. बरोबरी नीट साधली नाही तर वेगळेपणाचा उपयोग होत नाही, कारण कॅफिन तर कोमट पाण्यातही नसतं.

आता मिश्रण ठरतं. जास्वंद आणि कोकम रंगाला सुंदर आहेत, पण आंबट असल्यामुळे दूध फाडतात, म्हणून ते बाद. आल्याऐवजी सुंठ घेतली, कारण ओलं आलंही कधीकधी दूध फाडतं आणि कोरड्या मिश्रणात ते टिकणारही नाही. रंगासाठी आणि किंचित कडवटपणासाठी भाजलेली चिकोरी घेतली. तिच्यात कॅफिन नसतं, पण ती जास्त झाली की चव कॉफीकडे झुकते. गोडसरपणासाठी ज्येष्ठमध सुचतो. मात्र तो नियमित आणि जास्त घेतला तर रक्तदाब वाढू शकतो आणि आपला ग्राहक पन्नाशीच्या आसपासचा आहे. म्हणून त्याऐवजी बडीशेप आली. बाकी गवती चहा आणि वेलची. ‘कुणासाठी’ या जागेतला शब्द असा थेट घटकांच्या यादीत उतरतो.

हे साधलं की नाही, हे कळण्याचा मार्ग सोपा आहे. काहीही न सांगता कप लोकांच्या हातात द्यायचा आणि विचारायचं, ‘हे काय आहे?’ ‘कॉफी’ असं उत्तर आलं तर चिकोरी कमी करायची. ‘काढा’ असं आलं तर सुंठ कमी करायची, कारण काढा म्हटलं की आपल्याकडे आजारपण आठवतं. ‘चहाच आहे, जरा वेगळा’ असं बहुतेकांनी म्हटलं तर आपण ठरवलेला कप्पा त्यांच्याही मनात उघडला आहे.

विश्वास का ठेवायचा

चौथ्या जागेत पुरावा लागतो, आणि इथे हर्बल चहाच्या असाइनमेंट सर्वांत जास्त घसरतात. ‘तणाव घालवतो’, ‘साखर आटोक्यात ठेवतो’, ‘वजन उतरवतो’ असं लिहायला हात सहज धजतो. पण मधुमेह आणि लठ्ठपणा यांसारख्या ठरावीक आजारांवर उपाय असल्याची जाहिरात करायला १९५४ च्या औषधं आणि जादूटोण्याचे उपाय यांविषयीच्या कायद्याने मनाई आहे. खाद्यपदार्थांच्या दाव्यांसाठी एफएसएसएआयचे २०१८ चे नियम आहेत. त्यांनुसार दावा खरा, स्पष्ट आणि सिद्ध करता येणारा हवा. ‘नैसर्गिक’ या शब्दालाही अटी आहेत. अनेक घटक एकत्र करून बनवलेल्या पदार्थाला थेट ‘नैसर्गिक’ म्हणता येत नाही. सगळे घटक अटी पुऱ्या करत असतील तर फार तर ‘नैसर्गिक घटकांपासून बनवलेलं’ असं म्हणता येतं. म्हणजे पहिल्या खर्ड्यातला ‘शंभर टक्के नैसर्गिक’ हा शब्दप्रयोग नुसता गुळगुळीत नाही, तो पाकिटावर गेला तर अडचणीत आणणारा आहे.

खुद्द ‘चहा’ या शब्दालाही हेच लागू आहे. भारतीय अन्न-नियमांत चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या झाडापासूनचा चहा. ज्यात चहाचं पान नाही अशा वनस्पतींच्या मिश्रणांना वेष्टनावर चहा म्हणू नये, असं एफएसएसएआयने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे आपल्या कंपनीने मनातली जागा चहाची घ्यायची, पण पाकिटावर ‘रात्रीचं उकळायचं पेय’ असं काहीतरी लिहायचं. कंपनीच्या आतलं वाक्य आणि बाहेर छापायचे शब्द वेगळे का ठेवायचे, हे इथे नीट कळतं.

झोपेबाबतही सीमारेषा बारीक आहे. ‘याने शांत झोप लागते’ हा दावा आहे, आणि त्यासाठी या मिश्रणावर केलेला शास्त्रीय अभ्यास हवा. नव्या कंपनीकडे तो नसतो. ‘यात चहाचं पान नाही, कॅफिन नाही’ ही वस्तूविषयीची माहिती आहे आणि प्रयोगशाळेच्या अहवालाने ती दाखवता येते. दावा लहान झाला, पण पूर्ण सिद्ध करता येणारा झाला. मुलाखतींत तरी लोकांनी यापेक्षा जास्त कुठे मागितलं होतं?

आता चारही जागा भरून वाक्य असं होतं:

‘शहरात राहणाऱ्या, पंचेचाळिशी ओलांडलेल्या आणि झोप उडते म्हणून रात्रीचा चहा सोडावा लागलेल्या चहाप्रेमींसाठी हे त्या चहाच्या जागी घ्यायचं, दूध घालून उकळायचं पेय आहे. रोजच्या चहासारखा रंग, वास आणि दाटपणा ते देतं, पण त्यात कॅफिन नाही. कारण त्यात चहाचं पानच नाही, आणि प्रत्येक बॅचचा तपासणी-अहवाल पाकिटावरच्या क्रमांकावरून कुणालाही पाहता येतो.’

यात दुसऱ्या हर्बल ब्रँडचं नाव घालून पाहा. डिप बॅगचं नाव बसत नाही, कारण तिथे दूध आणि उकळणं नाही. ग्रीन टीचं बसत नाही, कारण तिथे कॅफिन आहे. चहाच्या मोठ्या कंपनीचं नाव बसत नाही, कारण तिचा धंदाच चहाच्या पानावर उभा आहे. वाक्य लांब आहे, हे मान्य. पण ते कुणाला ऐकवायचं नसल्यामुळे लांबीपेक्षा नेमकेपणा महत्त्वाचा.

व्यक्तिमत्त्व: विशेषणांपलीकडे

असाइनमेंटच्या दुसऱ्या भागात ब्रँड माणूस असता तर कसा असता, हे लिहायचं असतं. या विषयात जेनिफर आकर यांचा १९९७ सालचा शोधनिबंध आजही पाया मानला जातो. अमेरिकेतले ग्राहक ब्रँडकडे कोणत्या गुणांनी पाहतात हे तपासून त्यांनी पाच गट मांडले: प्रामाणिकपणा, उत्साह, कर्तबगारी, नजाकत आणि रांगडेपणा. भारतीय ग्राहकाला हे गट तसेच्या तसे लागू पडतील असं नाही, पण विचाराची सुरुवात करायला ते पुरेसे आहेत.

नेहमीची चूक म्हणजे पाचांतले तीन-चार गुण एकदम घेणं. ‘आमचा ब्रँड प्रामाणिक, उत्साही, आधुनिक आणि आलिशान आहे’ असं म्हटलं की चित्रकाराला कोणता रंग घ्यायचा ते कळत नाही आणि लिहिणाऱ्याला कोणतं वाक्य लिहायचं ते कळत नाही. एक गुण मुख्य आणि एक सोबतीला एवढेच घ्यावेत, आणि ते पोझिशनिंगमधूनच निघावेत. आपल्या वाक्यात दोन गोष्टी ठळक आहेत. घरातली एक सवय परत मिळते आहे, म्हणून प्रामाणिकपणा मुख्य. प्रत्येक बॅच तपासलेली आहे, म्हणून सोबतीला कर्तबगारी.

दुसरी चूक म्हणजे ब्रँडला आदर्श ग्राहकाचं रूप देणं. हर्बल चहा म्हटलं की तिशीतली, पहाटे योगासनं करणारी, हसतमुख तरुणी ठरलेली असते. आपल्या ग्राहकाला तिच्याकडून रात्री नऊ वाजता कप घ्यावासा वाटेल का? त्याला स्वतःकडे काहीतरी कमी आहे असंच वाटत राहील. व्यक्तिमत्त्व ठरवताना हा कप कुणाच्या हातून घ्यायला बरं वाटेल, असं विचारावं.

आपल्या ब्रँडसाठी मी एक बाई कल्पिते आहेत. एका दैनिकात वर्षानुवर्षं रात्रपाळीला मुद्रितशोधन करून त्या निवृत्त झाल्या आहेत. रात्री जागायची आणि चहाची सवय दोन्ही त्यांना ठाऊक आहे. शब्द तोलून वापरतात, कारण चुकीचा शब्द छापून गेला तर काय होतं हे त्यांनी पाहिलं आहे. कुणी आलं की न विचारता पातेलं चढवतात, पण काय प्यावं, किती वाजता झोपावं याचा उपदेश करत नाहीत.

हे वर्णन वाचून छान वाटलं तरी ते वापरता आलं पाहिजे, म्हणून त्याला मर्यादा घालाव्या लागतात. प्रत्येक गुणासोबत तो कुठे थांबतो हे लिहावं. ही बाई सरळ आहे, पण तुटक नाही. नेमकी आहे, पण शिकवणी घेणारी नाही. घरगुती आहे, पण जुन्या दिवसांचे उसासे टाकणारी नाही. यातला दुसरा भाग महत्त्वाचा, कारण ब्रँडचं बिघडणं बहुधा गुणाच्या अतिरेकातूनच होतं.

मग तिला बोलतं करून पाहावं. समजा एका ग्राहकाने कळवलं की दूध फाटलं. सरधोपट उत्तर असं येईल: ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आमची टीम लवकरच आपल्याशी संपर्क साधेल.’ आपली बाई असं लिहील: ‘दूध वाया गेलं, वाईट वाटलं. गूळ घातला होता का? उकळत्या दुधात गूळ घातला तर ते फाटू शकतं. गॅस बंद करून मग घाला. गूळ घातला नसेल तर पाकिटावरचा बॅच क्रमांक कळवा. आम्ही ती बॅच तपासतो आणि तुम्हाला दुसरं पाकीट पाठवतो.’ सरळपणा, नेमकेपणा आणि घरगुतीपणा यांतलं एकही विशेषण न लिहिता तिन्ही दिसतात. असाइनमेंटमध्ये अशी दोन-तीन उत्तरं जोडली तर व्यक्तिमत्त्व खरोखर सुचलं आहे की नुसतं यादीतून उचललं आहे, हे तपासणाऱ्याला लगेच कळतं.

अमेरिकेतल्या सेलेस्टियल सीझनिंग्ज या कंपनीचं स्लीपीटाइम हे पेय १९७२ सालचं आहे. त्याच्या खोक्यावर शेकोटीशेजारी आरामखुर्चीत पेंगणारं अस्वल असतं. कॅमोमाइल, पुदिन्याचा एक प्रकार आणि गवती चहा असलेलं ते पाण्यातलं पेय. ते अस्वल ग्राहकाला काही पटवत बसत नाही, कोणता आजार बरा होईल हेही सांगत नाही, तरी वस्तू कोणत्या वेळची आहे हे क्षणात कळतं. रात्रीची वेळ त्यांनी कधीच घेतली आहे हे खरं. म्हणून आपल्या कंपनीचा भर वेळेइतकाच दुधावर आणि पातेल्यावर राहायला हवा.

कंपनी कशाला नाही म्हणेल

काम पुरं झालं की नाही हे पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना शेवटी एक यादी करायला सांगतो: या पोझिशनिंगमुळे कंपनी कोणत्या गोष्टी करणार नाही? आपल्या कंपनीची यादी अशी निघते. सकाळचं ‘डिटॉक्स’ मिश्रण काढणार नाही. वजन कमी करण्याची भाषा वापरणार नाही. पाकिटावर हिरवी पानं आणि ध्यानस्थ माणूस छापणार नाही, कारण त्याने पाकीट पुन्हा आरोग्यपेयांच्या फळीवर जाऊन बसतं. ज्येष्ठमध स्वस्तात मिळाला तरी घालणार नाही. यातल्या काही गोष्टी सोडताना विक्रीही सुटणार आहे, आणि म्हणूनच ती खरी निवड आहे. ज्या वाक्यातून अशी यादी निघत नाही, ते परत लिहायला घ्यावं.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, तीही असाइनमेंटमध्ये लिहिली पाहिजे. पोझिशनिंग स्टेटमेंट हा अंदाज असतो. रात्रीचा चहा सुटल्याची हळहळ आपण समजतो तेवढी नसेल, लोक कोमट पाण्यावर खूश असतील, तर वाक्य कितीही नेमकं असलं तरी पाकीट पडून राहील. ते कळण्याची खूण पहिल्या खरेदीत नसते, कारण नवी वस्तू लोक एकदा घेऊन पाहतातच. पहिलं पाकीट संपल्यावर दुसरं कोण नेतं आणि ते केव्हा पितो म्हणून सांगतं, ते पाहावं. पंचेचाळिशीपुढचे लोक रात्रीसाठी परत नेत असतील तर वाक्य टिकलं. तिशीतले लोक दुपारच्या कामासाठी नेत असतील तर ‘कुणासाठी’ ही पहिली जागा बदलावी लागेल, आणि तिच्यामागून मिश्रणापासून त्या बाईंच्या बोलण्यापर्यंत सगळं पुन्हा तपासावं लागेल.